घरमालकाच्या नोटिशीचा फोटो आला? उत्तर लिहिताना या चुका टाळा

गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकू एका रविवारी सकाळी फोन घेऊन माझ्याकडे आल्या. वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे निवृत्त झालो तरी लोक कागद घेऊन येतातच. या वेळी कागद नव्हता, फोटो होता. जिन्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो शेजारच्या मुलाने काढून चाळीच्या ग्रुपवर टाकला होता. पुढच्या महिन्यापासून भाडं १,५०० रुपये आणि इमारतीच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक खोलीमागे ४५,००० रुपये, असा त्यातला मजकूर होता. काकूंचं चालू भाडं महिना ४८० रुपये.

"ग्रुपवर मी अंगठा दाखवून मोकळी झाले. तो मान्य केल्याचा होईल का हो?" काकूंचा हा पहिला प्रश्न. नुसत्या अंगठ्याने भाडं वाढत नाही. पण पुढे कोर्टात प्रत्येक संदेशाचे दोन अर्थ काढणारी माणसं असतात, हेही खरं. अशा नोटिशीला पत्राने उत्तर देताना लोक जिथे हमखास अडखळतात, त्या जागा काकूंच्या पत्राच्या निमित्ताने सांगतो.

आधी एक खुलासा. हे सगळं पागडीच्या जुन्या भाडेकरूंबद्दल आहे, म्हणजे ज्यांच्या हातात भाडेपावती आहे आणि ज्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं संरक्षण आहे त्यांच्याबद्दल. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांचा मामला वेगळा असतो. तिथे नोंदणी झालेल्या करारात जे लिहिलंय ते आधी बघायचं. मुदत संपायच्या आत फी वाढवण्याचं कलम करारात नसेल, तर उत्तर तीन ओळींचं होतं. त्या करारवाल्यांनी पागडीवाल्यांचं पत्र नक्कल करून पाठवणं हीसुद्धा मी पाहिलेली एक चूक आहे. मालकाचा वकील पहिल्याच वाक्यात त्याची हवा काढतो.

फोटो पूर्ण न वाचता उत्तर

काकूंच्या फोनवरचा फोटो तिरका होता. डावीकडची अक्षरं कापलेली, वर ट्यूबलाइटची चमक, आणि खालच्या दोन ओळी फ्रेमच्या बाहेर. त्या दोन ओळींतच खरा मजकूर होता. मी काकूंना जिन्यापाशी जाऊन मूळ कागद वाचायला लावला. तळाशी लिहिलं होतं, की खाली सही करणाऱ्या भाडेकरूंची दुरुस्तीस व सुधारित भाड्यास संमती आहे. त्याखाली रेघा आखलेल्या, आणि तीन जणांनी सह्या ठोकूनही टाकलेल्या. त्यांना वाटलं, नोटीस वाचल्याची सही आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे कागद भिंतीवर असेपर्यंत तो समोरून, उजेडात, चारही कोपरे दिसतील असा स्वतः टिपायचा. कागद दोन पानी असेल तर दोन्ही पानं. मग एक फोटो थोडा मागे सरकून घ्यायचा, म्हणजे कागद कुठे लावलाय ते कळेल. फोटो व्हॉट्सॲपवरच आला असेल, तर पाठवणाऱ्याला तो 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा पाठवायला सांगा. साध्या फोटोसारखा पाठवला की ॲप तो आकसवतं आणि बारीक अक्षरांचा लगदा होतो. मूळ संदेश पुसू नका, फोटो कापून सरळ करू नका. कापलेली प्रत वाचायला वेगळी ठेवा, मूळ तशीच राहू द्या. पुढे कधी हा फोटो कोर्टात दाखवावा लागला, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते देताना फोटो कुठल्या फोनवर कसा आला हे सांगता यायला हवं.

त्यानंतर एका कागदावर पाच गोष्टी उतरवायच्या. नोटिशीवरची तारीख, ती तुम्हाला दिसली ती तारीख, सही कोणाची आणि कुठल्या नात्याने, मागणी नेमकी किती, आणि मुदत किती दिवसांची. काकूंच्या नोटिशीवर तारीख होती २ जून, फोटो ग्रुपवर आला १९ जूनला. 'पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मान्यता समजण्यात येईल' हे वाक्य २ तारखेपासून मोजलं, तर फोटो यायच्या आधीच मुदत संपलेली! म्हणून उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात १९ तारीख आली पाहिजे. तुम्ही गप्प राहिलात म्हणजे मान्य केलंत, हा मालकाने स्वतःच्या सोयीने घातलेला नियम आहे. त्याला घाबरू नका, पण त्याला उत्तर न देता सोडूही नका.

सहीचंही बघा. काकूंच्या चाळीचे जुने शेठ वारले. त्यांच्या तीन मुलांपैकी एकाचीच सही होती, तीही 'मालकांकरिता' अशी. बाकी दोघांच्या वतीने त्याला अधिकार आहे की नाही हे पत्रात विचारायचं, वाद घालायचा नाही.

'नोटीस फोटोने आली म्हणून ती बेकायदा' असं ठोकून देणं

हा सल्ला प्रत्येक चाळीत एक तरी माणूस देतोच. त्यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच तो धोक्याचा. थकलेल्या भाड्यावरून खोली खाली करण्याचा दावा लावायचा, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मालकाला आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते, आणि ती पोचल्यापासून ९० दिवस जावे लागतात. नोटीस पोचवायची रीत मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ मधली आहे. टपालाने, हातोहात, घरातल्या माणसाच्या किंवा नोकराच्या हाती, आणि हे जमण्यासारखं नसेल तर जागेच्या ठळक भागावर चिकटवून. व्हॉट्सॲपचं नाव त्यात नाही. पण चिकटवणं आहे! काकूंची नोटीस तर भिंतीवरच होती. हातोहात देणं का जमलं नाही, हे मालकाला दाखवावं लागेल ते लागेल. आपण मात्र पत्रात 'मला नोटीस मिळालीच नाही' असं लिहिलं आणि खाली त्याच नोटिशीतल्या रकमांवर दोन पानं भरली, तर आपलंच वाक्य आपल्याला खोटं पाडतं.

काकूंच्या पत्रात आम्ही एवढंच लिहिलं, की सदर मजकुराचा फोटो अमुक तारखेला असा असा पाहण्यात आला, सही केलेली मूळ प्रत मला मिळालेली नाही, ती द्यावी, आणि नोटीस बजावण्याच्या रीतीबद्दलचे माझे हक्क राखून हे उत्तर देत आहे. झालं. नोटीस वैध की अवैध हे ठरवायला धोबी तलावचं लघुवाद न्यायालय आहे. ते काम पत्राने करायचं नसतं.

दुसऱ्याच्या नावाने सही

नोटीस काकूंच्या सासऱ्यांच्या नावाने होती, आणि सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. भाडेपावतीही अजून त्यांच्याच नावाने फाटते. मुंबईत हे घरोघरी आहे. काकूंचा मुलगा म्हणाला, "आजोबांच्या नावानेच उत्तर पाठवू, उगाच नाव बदलायचा विषय नको निघायला." असं कधीही करू नये. मयत माणसाच्या नावाने पत्र गेलं की ते पत्र उरतच नाही, आणि वर खोटेपणाचा ठपका बसतो.

भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस कायद्याच्या व्याख्येप्रमाणे भाडेकरू होतो. असा माणूस कोण, यावर घरात एकमत नसेल तर ते कोर्ट ठरवतं. तेव्हा पत्रात सरळ लिहायचं, की पावती कै. अमुक यांच्या नावे आहे, त्यांच्या निधनाच्या वेळी मी त्यांच्यासोबत राहत होते, तेव्हापासून भाडं मी भरते व आपण स्वीकारता. जुनं रेशनकार्ड, विजेचं बिल, मतदार यादीतलं नाव यांच्या प्रती गोळा करून ठेवायच्या, पण पत्राला लगेच जोडायच्या नाहीत. मालकाने मागितलंच नाही, ते कागद आपणहून पुढे करून नवा वाद कशाला ओढवायचा?

भाड्याचा हिशेब न मांडता नुसता 'नाही'

सगळ्यात जास्त पत्रं इथे फसतात. 'भाडेवाढ अन्यायकारक आहे, आम्हाला मान्य नाही' एवढंच लिहून लोक भाडं भरणं थांबवतात. मालकाला नेमकं हेच हवं असतं.

भाडे नियंत्रण कायद्याखाली भाडेकरूचं कवच एका अटीवर टिकतं. प्रमाण भाडं, म्हणजे आपण ज्याला स्टँडर्ड रेंट म्हणतो ते, आणि त्यावरची कायद्याने दिलेली वाढ भरायला तो तयार असला पाहिजे. आणि तयारी म्हणजे मनातली नव्हे, कागदावरची. म्हणून 'नाही' म्हणताना त्याच वाक्यात 'एवढं मात्र देते' हेही यायला हवं.

किती द्यायचं? कलम ११ प्रमाणे मालकाला भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. काकूंकडे गेल्या काही वर्षांच्या पावत्या होत्या, आणि मालक दरवर्षी ती वाढ घेतच होता. गेल्या वर्षीचं भाडं ४८० रुपये. त्यावर ४ टक्के म्हणजे १९ रुपये २० पैसे. यंदाचं भाडं झालं ४९९ रुपये २० पैसे. मालक मागतोय १,५००, म्हणजे चालू भाड्याच्या तिपटीहून जास्त. फरक इतका ढळढळीत आहे, की पत्रात विशेषणं घालायची गरजच पडत नाही. आकडे शेजारी शेजारी मांडले की काम भागतं.

मालकाने मध्ये काही वर्षं वाढ घेतलीच नसेल, तर हिशेब इतका सरळ राहत नाही. मागची वाढ आज एकदम मागता येते का, चक्रवाढीने की कशी, यावर वकिलाशी बोलल्याशिवाय पत्रात आकडा टाकू नका. पण पावतीवर छापलेली शेवटची रक्कम भरायची थांबवूही नका.

प्रमाण भाड्याबद्दलच मतभेद असेल तर ते ठरवायचं काम न्यायालयाचं आहे. कलम ८ खाली तसा अर्ज करता येतो. काकूंच्या बाबतीत त्याची गरज नव्हती, कारण पावत्याच बोलत होत्या. १ ऑक्टोबर १९८७ च्या सुमाराची एखादी पावती घरात सापडली तर सोन्यासारखी जपा. त्या दिवशीचं भाडं हा प्रमाण भाड्याचा पाया धरला जातो.

टॅक्स वाढला म्हणून भाडं वाढवलं, असं नोटिशीत असेल तर तेवढ्यावरून भांडू नका. कर वाढला तर त्याचा भाग भाडेकरूकडून घ्यायची सोय कायद्यात आहे. महापालिकेच्या जुन्या आणि नव्या बिलाची प्रत मागा आणि आपल्या वाट्याचा हिशेब मागा. बिल आलं तर देऊ, असं लिहा.

"एवढ्यासाठी कटकट कशाला, पंधराशे देऊन टाकू, गिरगावात पंधराशेत काय मिळतं?" हेही काकूंचा मुलगाच म्हणाला. त्याचं गणित चुकीचं नव्हतं. पण एकदा दिलेली रक्कम पुढच्या पावतीवर छापून येते, मग पुढची वाढ त्यावर, आणि शेजारच्या तेवीस खोल्यांना 'अमुक नंबरवाल्यांनी दिले' असं दाखवायला तीच पावती. द्यायचेच असतील तर कशासाठी देतोय ते लिहून द्या, 'भाडं' या नावाखाली नव्हे.

भाडं आणि दुरुस्ती यांची खिचडी

नोटिशीत दोन्ही एकत्र होतं म्हणून उत्तरातही लोक एकत्र करतात. 'आधी छत नीट करा, मग भाडं देतो.' काकूंच्या मोरीच्या भिंतीतून पाणी झिरपतंय, मागच्या गॅलरीला लाकडी टेकू लावलेत, जिन्याच्या दोन पायऱ्या हलतात. राग येणं साहजिक आहे. पण भाडं अडवून ठेवलं की थकबाकी तयार होते, आणि ९० दिवसांचं घड्याळ आपल्या विरुद्ध चालू होतं. मग हलणाऱ्या पायऱ्या बाजूला राहतात आणि खटला थकबाकीवर चालतो.

दुरुस्तीचा मार्ग कायद्यात वेगळा आहे. कलम १४ सांगतं, की भाडेकरूने उलट करार केलेला नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. 'उलट करार' हे शब्द लक्षात ठेवा. जुन्या भाडेचिठ्ठीत किंवा पावतीच्या मागे बारीक अक्षरांत 'आतील दुरुस्ती भाडेकरूने करावी' असं छापलेलं असतं. काकूंच्या पावतीमागे नव्हतं. असतं तर पत्र वेगळं लिहावं लागलं असतं.

मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू त्याला किमान १५ दिवसांची लेखी सूचना देऊन ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. चाळीतल्या माहीतगारांना इथपर्यंत ठाऊक असतं. पुढची मर्यादा ठाऊक नसते. एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त असता कामा नये. काकूंचं वर्षाचं भाडं ५,९९० रुपये ४० पैसे. त्याचा चौथा हिस्सा १,४९७ रुपये ६० पैसे. एवढ्यात मोरीचा नळ आणि थोडं प्लास्टर होईल. गॅलरी होणार नाही. पागडीच्या भाड्याला हा उपाय तोकडाच पडतो. ज्यांनी चाळीस हजारांचं काम करून सात वर्षांचं भाडं कापून घेतलं, ते आज कोर्टाच्या पायऱ्या झिजवताहेत. तेव्हा १५ दिवसांची सूचना द्यायची ती छोट्या कामासाठी आणि नोंद राहावी म्हणून.

आणि हो, ही दुरुस्ती करता करता पोटमाळा चढवायचा किंवा भिंत सरकवायची नाही. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, तर जागा जाण्याचं ते एक स्वतंत्र कारण आहे.

आता ते ४५,००० रुपये. चोवीस खोल्यांचे मिळून १०,८०,००० होतात. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी भाडं वाढवायची वेगळी तरतूद कलम ११ मध्ये आहे, पण ती अटींनी बांधलेली आहे आणि झालेल्या खर्चाशी जोडलेली आहे. काम व्हायच्या आधी, अंदाजपत्रक न दाखवता, खोलीमागे रोख मागणं म्हणजे ती तरतूद नव्हे. पत्रात 'देणार नाही' लिहिण्याऐवजी 'कशाच्या आधारे' असं विचारा. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, कामाचं अंदाजपत्रक, कंत्राटदाराचा दर, आणि ४५,००० ही विभागणी कशी केली ते. काकूंच्या चाळीतल्या सर्वात छोट्या आणि सर्वात मोठ्या खोलीला एकच रक्कम लावली होती, यावरूनच हिशेब किती झाला असेल ते समजतं.

त्याहून मोठा प्रश्न वेगळाच. काकूंच्या पावतीवर भाड्याखाली 'दुरुस्ती उपकर' अशी ओळ होती. म्हणजे ही उपकरप्राप्त इमारत. ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या शहर विभागातल्या अशा इमारतींची रचनात्मक दुरुस्ती म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करतं, ठरावीक खर्चमर्यादेपर्यंत. वरचा खर्च रहिवाशांवर येऊ शकतो. ज्या कामासाठी दरमहा उपकर भरला, त्याच कामाचे पैसे मालकाला पुन्हा का द्यायचे? हा एक प्रश्न पत्रात असला, की पुढची बैठक वेगळ्या सुरात होते. चाळीने मिळून मंडळाच्या आपल्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे अर्ज द्यायचा आणि त्याच्या पोचेची प्रत मालकाच्या पत्राला जोडायची.

महापालिकेने इमारत सी-१ ठरवली असेल, म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची, तर मात्र हे पत्र बाजूला ठेवा. तिथे आधी जीव, मग वकील. पालिकेची नोटीस आणि मालकाची नोटीस यांत फरक ओळखा. पालिकेचा कागद मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ चा उल्लेख करतो आणि पालिकेच्या अधिकाऱ्याच्या सहीचा असतो. मालकाने आपल्या लेटरहेडवर 'इमारत धोकादायक आहे' लिहिलं म्हणून ती सी-१ होत नाही.

दुरुस्तीसाठी सहा महिने खोली रिकामी करा, असंही पुष्कळ नोटिशींत येतं. दुरुस्तीकरता जागा सोडली तर परत येण्याचा हक्क कायद्यात आहे, पण तो न्यायालयाच्या हुकमात नोंदवला जातो. मालकासाठी भाडं गोळा करणाऱ्या मेहताजींच्या तोंडी शब्दावर किल्ली देऊ नका.

काकूंचं पत्र

शेवटी पत्र असं झालं. नावं मी काढून टाकली आहेत.

मा. श्री. …… यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : खोली क्र. १७, दुसरा मजला. दि. २ जूनच्या सूचनेबाबत.

आपल्या सहीच्या सूचनेचा फोटो दि. १९ जून रोजी चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या पाहण्यात आला. त्यानंतर जिन्याच्या भिंतीवर लावलेला कागद मी वाचला. सही केलेली मूळ प्रत मला मिळालेली नाही, ती द्यावी. आपण सर्व मालकांच्या वतीने सही केली असल्यास तसे अधिकारपत्र दाखवावे. सूचना बजावण्याच्या रीतीबाबतचे माझे हक्क राखून हे उत्तर देत आहे. ग्रुपवरील माझी कोणतीही खूण ही संमती नव्हती. सूचनेखालील संमतीवर मी सही केलेली नाही.

या खोलीची भाडेपावती माझे सासरे कै. …… यांच्या नावे आहे. त्यांच्या निधनाच्या वेळी मी त्यांच्यासोबत राहत होते. तेव्हापासून भाडे मी भरते व आपण ते स्वीकारता.

भाडे : गेल्या वर्षीचे मासिक भाडे ४८० रुपये. कायद्याप्रमाणे ४ टक्के वाढ १९ रुपये २० पैसे. यंदाचे भाडे ४९९ रुपये २० पैसे होते. ते मी भरण्यास तयार आहे व जुलै महिन्याचे भाडे याच दराने पाठवीत आहे. पावती द्यावी. १,५०० रुपयांची मागणी मान्य नाही. तिचा आधार असल्यास लेखी कळवावा. कर वाढला असल्यास महापालिकेच्या जुन्या व नव्या बिलांची प्रत द्यावी.

दुरुस्ती : दि. २१ जून रोजी खोलीत व सामायिक जागेत पुढील दोष आहेत. मोरीच्या उत्तरेकडील भिंतीत सुमारे ३ फूट बाय २ फूट ओल. मागील गॅलरीच्या दोन तुळया वाळवीने पोखरलेल्या व टेकूवर. पहिल्या मजल्याकडे जाताना जिन्याची चौथी व पाचवी पायरी सैल. फोटो सोबत आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत मोरीच्या भिंतीची दुरुस्ती करून द्यावी. न केल्यास मी ती करून घेऊन खर्च कायद्याच्या मर्यादेत भाड्यातून वळता करीन. गॅलरी व जिना याबाबत मंडळाकडे केलेल्या अर्जाची पोच जोडली आहे.

४५,००० रुपयांबाबत : आम्ही दरमहा दुरुस्ती उपकर भरतो. तरी ही रक्कम कोणत्या कामासाठी, कोणत्या अंदाजपत्रकाप्रमाणे व कोणत्या विभागणीने, ते कागदपत्रांसह कळवावे. तोपर्यंत ही मागणी मला मान्य नाही.

कळावे,
आपली,
……

एवढंच. यात 'अन्याय', 'मनमानी', 'कोर्टात खेचू' यातलं काही नाही, हे पाहून काकूंना जरा चुटपुट लागली. शेठने मागच्या पावसाळ्यात ताडपत्रीही दिली नव्हती, ते घाला म्हणाल्या. तारीख आठवत होती का? नव्हती. मग राहू द्या म्हटलं.

पाठवण्याची घाई

पत्राचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. तुमचं उत्तर चोवीस घरांचं होतं आणि मग त्यात प्रत्येकजण आपली ओळ घालतो. मालकाच्या खाजगी नंबरवर पाठवलं तर हरकत नाही, पण ते जादाचं. मुख्य प्रत टपालाने जायला हवी. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. खिडकीवर 'रजिस्टर्ड ए.डी.' मागून हात हलवत परत येऊ नका. स्पीड पोस्ट करताना पोहोच मिळाल्याचा पुरावा हवा असं सांगा आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. शिवाय एक प्रत मेहताजींच्या हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सही घ्यायचा प्रयत्न करा. त्यांनी नकार दिला तर कोण होतं, किती वाजता, एवढं लिहून ठेवा.

भाडं मात्र त्याच दिवशी. मेहताजींनी ४९९ रुपये २० पैसे घ्यायला नकार दिला, तर मनीऑर्डरने पाठवा आणि फॉर्मवर महिना व खोली नंबर घाला. मनीऑर्डर परत आली तर 'स्वीकारण्यास नकार' असा शेरा असलेला कागद फेकू नका. आपण द्यायला तयार होतो, हे त्याहून चांगलं कोण सांगणार? मालकाचं बँक खातं माहीत असेल तर तिथेही भरता येतं, शेऱ्यात 'जुलै भाडे, खोली १७' एवढं लिहून. एकदाही महिना चुकवू नका.

काकूंची मनीऑर्डर परत आली. दुसऱ्या महिन्यातली मेहताजींनी घेतली आणि पावती फाडली. पावतीवर रक्कम ४९९ होती, वीस पैसे सोडून. काकूंनी लगेच माझ्याकडे आणून विचारलं, "हे वीस पैसे थकबाकीत धरतील का हो?" पुढच्या महिन्यापासून पाचशेच द्या आणि पावतीवर ऐंशी पैसे जमा दाखवायला सांगा, म्हटलं.